साठ डब्यांचा शिधा: हिशेब डब्यापासून मागे

"काकू, मी तालुक्याजवळच्या गावात घरूनच डबे देते. आत्तापर्यंत १८ डबे होते, अंदाजानं होऊन जायचं. आता जिनिंगमधले ३६ आणि शाळा-बँक-दवाखान्यातले मिळून २४, असे रोजचे ६० डबे पक्के झाले. कणीक, तांदूळ, दाळ आणि भाजी किती किती काढायची? जे आत्ता काढते त्याला सव्वातीन पटीनं गुणलं तर चालेल का?"

ताई, पोळीला चालेल. भाताला थोडं चुकेल, वरण पातळ होईल आणि पालेभाजीच्या दिवशी फजिती होईल. माझी झाली होती, ते पुढे सांगते.

गुणाकार करायचाच, पण शिध्याचा नाही, डब्यातल्या शिजलेल्या अन्नाचा. आधी डब्यात काय आणि किती जाणार ते ठरवा, त्याला डब्यांनी गुणा, आणि तिथून मागे मागे कच्च्या मालापर्यंत या. आपण बायका उलटं करतो. गंजात चार मुठी टाकतो आणि मग पुरतं का ते बघतो. १८ डब्यांत चार वाट्या इकडच्या तिकडे झाल्या तर घरचे कमी जेवून सांभाळून घेतात. ६० डब्यांत तेवढीच चूक पाच-सहा डब्यांची होते, आणि घरात तेवढी माणसं नसतात.

दुसरं असं की तुमचे ६० डबे एकसारखे नाहीत. जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्या माणसाला आणि बँकेत बसणाऱ्या माणसाला एकच डबा दिला, तर एक उपाशी राहील आणि दुसरा अर्धं परत पाठवेल. मी हिंगणघाटकडची, चौदा वर्षं जिनिंगवाल्यांना डबे दिले. त्यांना ५ पोळ्या, १८० ग्रॅम भात, १८० मिली वरण आणि १३० ग्रॅम भाजी लागते. ऑफिसवाल्यांना ३ पोळ्या, १२० ग्रॅम भात, १५० मिली वरण, ११० ग्रॅम भाजी पुरते. तुमच्याकडे आकडे थोडे वेगळे निघतील, पण पुढचा सगळा हिशेब मी यांवरच करून दाखवते.

हे ग्रॅम-मिली बघून घाबरू नका. रोज काही मोजायचं नाही. एकदाच डब्याचा वरणाचा खण पाण्यानं भरून ते पाणी काट्यावर वजन करा, जितके ग्रॅम तितके मिली. भाताचा डाव किंवा वाटी एकदा वजन करून ठेवा, म्हणजे "मोठ्या डब्याला दीड वाटी, लहानाला एक" एवढंच वाढणारीला सांगावं लागतं. आणि प्रत्येक गंज, परात, कढई रिकामी वजन करून तिच्या कानावर ऑइलपेंटनं आकडा लिहून टाका. शिजलेली भाजी गंजासकट काट्यावर ठेवली, गंजाचं वजन वजा केलं, की किती झाली ते कळतं. ३० किलोचा काटा घ्या. १० किलोच्या काट्यावर भरलेला गंज बसत नाही. आणि पायलीच्या मापानं हिशेब ठेवू नका. पायली गावागणिक बदलते, शिवाय एका पायलीत तांदूळ वेगळा बसतो, दाळ वेगळी बसते.

आता पोळी. ३६ डब्यांच्या ५ प्रमाणे १८०, २४ डब्यांच्या ३ प्रमाणे ७२, एकूण २५२. फाटलेल्या, करपलेल्या आणि एखादा डबा वाढला तर म्हणून १० वर धरा, २६२. १ किलो कणकेला साधारण ६०० मिली पाणी लागतं आणि १ किलो ६०० ग्रॅम गोळा तयार होतो. त्याचे ४० ग्रॅमचे उंडे केले तर ४० पोळ्या. म्हणजे एका पोळीला २५ ग्रॅम कणीक. २६२ पोळ्यांना साडेसहा किलो, आणि लाटताना लावायला अर्धा किलो कोरडं पीठ. रोज ७ किलो कणीक काढा.

इथे एकच गोष्ट बघायची, उंडा. माझ्याकडे पोळ्या लाटायला दोघी येतात. एकीचा हात बारीक, ४० ग्रॅमचा उंडा बरोबर तोडते. दुसरीच्या माहेरी मोठ्या पोळीची सवय, ती ५० चा तोडायची. दिसायला दोन्ही पोळ्या डब्यात सारख्याच बसतात. पण ५० च्या उंड्यात ३१ ग्रॅम कणीक जाते. २५२ पोळ्या तिच्या हातच्या झाल्या तर दिवसाला दीड किलोहून जास्त कणीक वर, महिन्याच्या २६ दिवसांत ४० किलो. मी तिला काही बोलले नाही. परातीशेजारी काटा ठेवला आणि पहिले दहा उंडे वजन करून लाटायला सांगितलं. हात तेवढ्यातच बसतो. दर सोमवारी पुन्हा दहा उंडे तोलायचे, कारण हात हळूहळू परत मोठा होतो.

कणकेला पाणी सगळं एकदम घालू नका. पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा घेऊन बसलेलं असतं, तेव्हा पाणी कमी लागतं. मे महिन्यात तेच पीठ किलोमागे ५० मिली जास्त पितं. चक्कीवरून गरम पीठ आणलं असेल तर पसरवून गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा, नाहीतर आत वाफ धरते आणि पीठ लवकर खराब होतं.

भाताचा हिशेब: ३६ गुणिले १८० म्हणजे ६ किलो ४८० ग्रॅम, २४ गुणिले १२० म्हणजे २ किलो ८८०. दोन्ही मिळून ९ किलो ३६० ग्रॅम शिजलेला भात. याला कच्चा तांदूळ किती, हे तांदूळ जुना की नवा यावर आहे.

भात फुगतो म्हणजे दुसरं काही नाही, त्यात पाणी जातं. कच्चा तांदूळ, अधिक घातलेलं पाणी, उणे वाफ होऊन गेलेलं पाणी, एवढंच भाताचं वजन असतं. जुना तांदूळ झाकण ठेवून मोठ्या गंजात शिजवला तर किलोला १ लिटर ८०० मिली पाणी घेतो, त्यातलं २०० एक मिली वाफ होऊन जातं, आणि २ किलो ६०० ग्रॅम भात होतो. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडचा नवा तांदूळ बाजारात येतो. तो किलोला दीड लिटर पाण्यातच मऊ होतो, आणि भात २ किलो ३०० ग्रॅमच निघतो. त्यात जुन्याइतकं पाणी घातलं तर वजन भरेल, पण गोळा होईल. म्हणजे जुना असेल तर ३ किलो ६०० ग्रॅम तांदूळ, नवा असेल तर ४ किलो १०० ग्रॅम. रोजचा अर्धा किलो फरक आहे. नवा स्वस्त म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, तेव्हा भाव किलोचा बघू नका, शिजलेल्या भाताचा बघा. हा आकडा काढायला एक किलो तांदूळ घरी शिजवून गंजासकट तोला, पोतं घेण्याच्या आधी.

घरी आपण एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो. तेच प्रमाण साठ डब्यांना ठेवलं की भात लगद्यासारखा होतो, कारण मोठ्या गंजातून त्या मानानं वाफ कमी जाते. शिवाय पावणेचार किलो तांदूळ एकाच गंजात लावला तर वरच्याच्या वजनानं खालचा भात दबतो, आणि मधला कच्चा राहतो तोवर बुडाचा लागतो. दोन गंजांत अर्धा-अर्धा लावा. बुडाला लागलेला थर वाढता येत नाही, म्हणून ९ किलो ३६० साठी मी जुना तांदूळ ३ किलो ७५० ग्रॅम लावते.

वरणाचं काम सोपं आहे, फक्त पाणी कुठे थांबवायचं ते ठरवावं लागतं. ३६ डब्यांचं ६ लिटर ४८०, २४ चं ३ लिटर ६००, एकूण १० लिटरच्या थोडं वर. वाढताना सांडतं, गंजाला चिकटतं, म्हणून साडेदहा लिटर धरा. १ किलो तुरीच्या दाळीचं फोडणीचं वरण साडेपाच लिटर केलं तर पोळीबरोबर खाता येतं आणि भातावरही चालतं. साडेदहाला १ किलो ९०० ग्रॅम दाळ. डब्यामागे ३० ग्रॅमच्या आसपास पडते. किलोभर दाळीत सहा-सात लिटर वरण ओढणारे लोक आहेत. ऑफिसवाले काही म्हणत नाहीत, पण जिनिंगवाला दुसऱ्याच दिवशी फोन करतो, "काकू, आज वरणात दाळ पोहून राहिली होती."

वरण किती झालं हे अंदाजानं सांगता येत नाही, कारण गंज रुंद असला की दोन बोटं पाणी म्हणजे लिटर-दीड लिटर असतं. एकदा रिकाम्या गंजात साडेदहा लिटर पाणी मोजून ओता, लाकडी डाव उभा बुडवा आणि पाणी लागलं तिथे चाकूनं खाच करा. रोज दाळ घोटून झाली की त्या खाचेपर्यंत गरम पाणी घालायचं. माझ्या डावाला तीन खाचा आहेत, ४०, ५० आणि ६० डब्यांच्या.

दाळ कुकरला लावताना पाणी कमीच घ्या. १ किलो ९०० ग्रॅम दाळीला ४ लिटर पाणी पुरतं, म्हणजे १२ लिटरच्या कुकरमध्ये ती अर्ध्याच्या आत राहते. दाळ फेसाळते, अर्ध्याच्या वर भरली तर शिटीत जाऊन बसते, हे दाळीच्या बाबतीत मोडायचं नाही. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं, त्यात दाळ शिजता शिजत नाही. दाळ रात्री किंवा निदान दोन तास भिजवा आणि टमाटर, चिंच, आमचूर काहीही आंबट दाळ मऊ झाल्यावरच घाला. आधी घातलं तर चार शिट्यांनीही दाणा दाताखाली येतो. वरण उभं केलं की वर पाणी आणि खाली दाळ असं दिसलं, तर पाणी जास्त झालं असेलच असं नाही, बहुतेक वेळा दाळ नीट शिजलेली नसते.

आता भाजी. खरा हिशेब इथेच आहे. पोळी-भात-वरणात एकदा आकडा बसला की महिनाभर चालतो. भाजीचा आकडा रोज बदलतो, कारण बाजारात जे विकत घेतो त्यातलं कितीतरी उकिरड्यावर जातं, आणि उरलेलं कढईत आक्रसतं. दोन्ही टप्पे वेगळे मोजायचे: निवडून किती राहिलं, आणि शिजून किती राहिलं.

डब्यांचं आधी करून घेऊ. ३६ गुणिले १३० आणि २४ गुणिले ११० मिळून ७ किलो ३२० ग्रॅम, वाढताना कमी पडू नये म्हणून पावणेआठ किलोला थोडं कमी, ७ किलो ७०० शिजलेली सुकी भाजी हवी. समजा फुलगोबी-आलू करायची आहे. सव्वा किलो कांदा आणि १ किलो टमाटर परतून आटले की ३५० ग्रॅम तेलासकट दीड किलो मसाला होतो. उरले ६ किलो २००. त्यात गोबी ३ किलो ६०० आणि आलू २ किलो ६०० धरा, शिजलेले.

गोबी शिजून किलोची ८५० ग्रॅम राहते, म्हणजे निवडलेली गोबी ४ किलो २५० ग्रॅम लागेल. आणि पानं-दांडा असलेला गड्डा निवडला की निम्माच हातात राहतो. तेव्हा बाजारातून साडेआठ किलो गोबी. आलूचं साल जाऊन किलोचे ८७० ग्रॅम राहतात आणि शिजून त्यातले जेमतेम ५ टक्के कमी होतात, म्हणून सव्वातीन किलो आलू. सगळं मिळून १४ किलो भाजी घरात येते तेव्हा ७ किलो ७०० डब्यांत जाते. पहिल्यांदा हे आकडे बघितले तेव्हा मला वाटलं भाजीवाला फसवतो आहे. नाही, आपणच पानांसकट गड्डा तोलून घेतो. कोवळा दांडा चिरून भाजीत घातला तर किलोभर वाचते, मात्र तो आधी टाकून दहा मिनिटं शिजवा, नाहीतर डब्यात टणक लागतो.

प्रत्येक भाजीचं हे निवडीचं माप वेगळं असतं. वांग्याचं देठ सोडलं तर जवळजवळ सगळं वापरात येतं. दोडक्याच्या शिरा आणि साल काढली की पाऊण हिस्सा राहतो. कोहळ्याचा गर आणि बिया गेल्या की पाऊणच्या थोडं वर. मटराच्या शेंगा किलोला साडेचारशे ग्रॅम दाणे देतात, तेही शेंग भरलेली असेल तर. ढेमसे कोवळे असले तर काही जात नाही, निबर निघाले तर बिया काढताना अर्धे जातात. तुम्ही माझे आकडे धरू नका. प्रत्येक भाजी पहिल्यांदा कराल तेव्हा आणलेली तोला, निवडलेली तोला, शिजलेली तोला आणि वहीत तीन आकडे लिहा. पंधरा-वीस भाज्या झाल्या की वही पूर्ण होते.

आता माझी मेथीची गोष्ट. माझ्याकडे तेव्हा पहिल्यांदाच पन्नासच्या वर डबे झाले होते. थंडी होती, मेथी स्वस्त होती, म्हणून बाजारातून १० किलो जुड्या आणल्या. ढीग एवढा दिसत होता की सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस पुरेल. चौघी मिळून निवडायला बसलो तर दोन तास गेले. निवडून साडेपाच किलो पाला. धुवून कढईत टाकला, झाकण काढलं तर बुडाला. कांदा घालूनही ४ किलो भाजी. डबे ५२ होते, म्हणजे डब्याला ७५ ग्रॅम, दोन घास. साडेदहा वाजले होते आणि गाडी अकराला निघते. मी सव्वा किलो बेसन घेतलं, मेथीला पाण्याचा हबका मारून बेसन वरून पेरलं, झाकण ठेवून वाफ आणली, पुन्हा परतलं. पीठ पेरून मेथी झाली आणि डबे भरले. चव बरी होती, पण तेल जास्त लागलं आणि दोन तास मात्र चौघींचे गेलेच.

घरी येऊन हिशेब मांडला. नुसती मेथी शिजून किलोची ६०० ग्रॅम राहते आणि जुडीतून निवडून ५५ टक्के निघते. तुमच्या ६० डब्यांना कांदा धरूनही नुसत्या मेथीची ७ किलो ७०० भाजी करायची म्हटली तर २० किलोच्या जवळपास जुड्या निवडाव्या लागतील. हे काम रोजच्या वेळात होत नाही. म्हणून पालेभाजी साठ डब्यांना एकटी करायचीच नाही. मेथी ७ किलो आणा, पावणेचार-चार किलो पाला निघेल, तो शिजून २ किलो ३०० होईल. दीड किलो मुंगाची दाळ भिजवून मोकळी वाफवली की साडेतीन किलो होते. दीड किलो कांदा परतून ९०० ग्रॅम. तेल ३५०. इथे सात किलोला थोडं वर जातं, ते डब्यात व्यवस्थित भरतं आणि चवीला दाट लागते म्हणून ७०० ग्रॅम कमी असूनही कोणी तक्रार करत नाही. पालकाचंही असंच, दाळ-पालक करा, आणि त्या दिवशी वरणाची दाळ कमी करून कढी दिली तरी चालते.

बाजार आठवड्याचा असतो, म्हणून भाज्यांचा क्रमही बाजारावरून लावावा लागतो. माझ्या गावचा बाजार बुधवारी. गुरुवारी पालेभाजी, शुक्रवारी गोबी किंवा ढेमसे, शनिवारी वांगे-आलू, सोमवारी कोहळं नाहीतर पत्तागोबी, मंगळवारी मोट किंवा बरबटीची उसळ, आणि बुधवारी सकाळी घरात काहीच नसतं म्हणून झुणका. कोहळं पंधरा दिवस टिकतं, आलू-कांदे महिनाभर. उसळीला सव्वादोन किलो मोट पुरतात, भिजून दुपटीच्या वर होतात आणि रस्स्यासकट साडेसात किलोला पोचतात. उसळीच्या दिवशी भाजीला पैसे कमी लागतात, पण दोन रात्री आधी आठवण हवी. सोमवारच्या पानावर मी "मोट भिजव" असं रविवारीच लिहून ठेवते, तरी वर्षातून दोन-तीन वेळा विसरतेच.

मीठ-तिखटाला पटीनं गुणू नका. मीठ शिजलेल्या वजनावर घ्या, किलोला १० ग्रॅम. ७ किलो ७०० भाजीला ७५ च्या आसपास, साडेदहा लिटर वरणाला १००. त्यातलं पाऊण आधी, उरलेलं चाखून. तिखट मात्र गुणाकारापेक्षा चौथाई कमीनं सुरू करा. मोठ्या कढईत मसाला जास्त वेळ तेलात राहतो, त्याचा तिखटपणा जास्त उतरतो. पाण्याचंही तसंच. गोबीला घरी जेवढा हबका मारता त्याच्या बारा पट मारला तर ती उकडून लगदा होते, कारण मोठ्या कढईतून पाणी उडतच नाही. साडेसात किलो सुकी भाजी एका कढईत करायची तर सराटा फिरवता फिरवता फुलं मोडतात. दोन घाणे करा.

हे सगळं बरोबर बसलं की नाही, ते रिकामे डबे सांगतात. पहिले पंधरा दिवस परत आलेले डबे धुण्याआधी बघा. दोन बादल्या ठेवा, एकीत परत आलेला भात, दुसरीत पोळ्या, आणि संध्याकाळी तोला. वरण परत येत नाही, ते पिऊन टाकतात. माझ्याकडे एकदा ऑफिसच्या २४ डब्यांतून रोज ७०० ग्रॅम भात परत यायचा, म्हणजे डब्यामागे ३० ग्रॅम. मी त्यांचा भात कमी केला नाही, आधी तीन दिवस बघितलं. रोजच तेवढा आला तेव्हा १२० चा ९० केला. पुढे कोणी मागितला नाही. पोळ्या अख्ख्या परत येत असतील तर संख्या जास्त आहे. अर्ध्या तोडून परत येत असतील तर पोळी कडक पडते आहे, संख्या कमी करून उपयोग नाही, कणकेचं पाणी वाढवा.

किराणा भरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. रोज ७ किलो कणीक म्हणजे २६ दिवसांना १८० किलोच्या वर. गहू निवडताना, दळताना आणि चाळताना जे जातं ते धरून महिन्याला दोन क्विंटलला थोडे कमी गहू लागतात. पण हे जिनिंग चालू आहे तोवर. कपाशी संपली, मजूर गावी गेले की तुमचे ३६ डबे एकदम बंद होतात, आणि ऑफिसच्या २४ डब्यांना रोज २ किलो कणीक लागते, ७ नाही. नेमका त्याच सुमाराला, मार्च-एप्रिलमध्ये, नवा लोकवन बाजारात येतो आणि भाव उतरलेला बघून वर्षभराचे भरून ठेवावेसे वाटतात. तेव्हा २४ डब्यांचे गहू वर्षभराचे घ्या. ३६ डब्यांचे फक्त पुढच्या हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांचे घ्या, तेही कोठीत जागा असेल आणि उन्हात कडक वाळवून भरता येणार असतील तरच. दाळीचंही असंच. तूर निघाल्यावर ऑफिसच्या डब्यांपुरती घ्या, आणि जिनिंगच्या ठेकेदाराला दसऱ्याला फोन करून या वर्षी माणसं किती येणार ते विचारा, मग उरलेली घ्या.